पाइपलाइनचे टप्पे पाच, वेग मात्र तीनपट: क्लॉक पिरियडचा हिशेब

प्रोसेसरचं काम पाच टप्प्यांत वाटलं की तो पाचपट वेगाने चालायला हवा, असं आधी कुणालाही वाटतं. नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन शिकणारी आणि गेट परीक्षेची तयारी करणारी मुलं पहिलं गणित सोडवायला घेतात आणि उत्तर येतं तीन पॉइंट काहीतरी. शिवाय एकेका इन्स्ट्रक्शनला लागणारा वेळ कमी होण्याऐवजी वाढलेला दिसतो. सूत्रात आकडे घालून उत्तर बरोबर येतं, पण उरलेला वेग कुठे गेला हे कळत नाही. हा लेख त्या हरवलेल्या वेगाचा माग काढण्यासाठी आहे. एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे जाऊ.

उदाहरणातल्या प्रोसेसरमध्ये एक इन्स्ट्रक्शन पूर्ण व्हायला पाच कामं लागतात. मेमरीतून इन्स्ट्रक्शन आणणं म्हणजे फेच २५० पिकोसेकंद, ती उलगडून रजिस्टर वाचणं म्हणजे डिकोड १५०, एएलयूमधलं गणित २२०, डेटा मेमरीला हात लावणं ३०० आणि शेवटी उत्तर रजिस्टरमध्ये लिहिणं १३०. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका वेळ. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण खऱ्या डिझाइनमध्ये असतं तसंच आहे: मेमरीची कामं जड, डिकोड आणि लेखन हलकं.

पाइपलाइन नसेल तर ही पाचही कामं एकाच लांब क्लॉकमध्ये एकामागोमाग होतात. बेरीज १०५० पिकोसेकंद. एक इन्स्ट्रक्शन पूर्ण झाली की मगच दुसरी आत शिरते. त्यामुळे इथे लेटन्सी, म्हणजे एक इन्स्ट्रक्शन आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ, १०५० आहे आणि दोन उत्तरांमधलं अंतरही १०५० आहे. थ्रूपुट सेकंदाला साधारण ९५ कोटी इन्स्ट्रक्शन्स. लेटन्सी आणि थ्रूपुट हे एकाच नाण्याचे दोन छाप आहेत असा समज इथूनच तयार होतो, कारण पाइपलाइन नसलेल्या डिझाइनमध्ये १ला एकाने भागलं की दुसरं मिळतं. पाइपलाइन आली की हे नातं तुटतं.

क्लॉक सगळ्यांचा एकच

पाइपलाइनमध्ये प्रत्येक दोन टप्प्यांच्या मधे रजिस्टरची एक भिंत असते. क्लॉकची कड आली की सगळ्या भिंती एकाच क्षणी उघडतात, प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्याकडे जातं आणि भिंती पुन्हा बंद होतात. पुढची कड येईपर्यंत कुणीही पुढे सरकत नाही. मग कड किती वेळाने द्यायची? सगळ्यात सावकाश टप्प्याचं काम पूर्ण होईल इतक्या वेळाने. त्याआधी कड दिली तर त्या टप्प्याचं अर्धवट उत्तर भिंतीत पकडलं जाईल आणि पुढे चुकीची किंमत जाईल. सरासरी इथे उपयोगाची नाही. पाच टप्प्यांची सरासरी २१० आहे, पण २१०च्या क्लॉकवर मेमरीचं काम ९० पिकोसेकंद बाकी असतानाच कड येऊन धडकेल.

पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ओळीने टेबलं मांडून काम चालतं: एका टेबलावर घडातले खराब मणी कात्रीने काढायचे, पुढच्यावर वजन करायचं, त्याच्या पुढे पनेट भरायचे, मग खोकं बंद करायचं. समजा सगळे ट्रे एकाच घंटेवर पुढे सरकतात. पनेट भरायला सगळ्यात जास्त वेळ लागत असेल तर घंटा त्या टेबलाच्या वेळेनुसारच द्यावी लागेल आणि वजनवाला दर फेरीत हात बांधून उभा राहील. घंटा काढून टाकली आणि ज्याचं झालं त्याने ट्रे पुढे ढकलायचा असं ठरवलं, तरी दिवसभरात निघणारी खोकी वाढणार नाहीत, पनेटच्या टेबलाआधी ट्रेंचा ढीग मात्र साचेल. ट्रे एका टेबलावरून उचलून दुसऱ्यावर नीट टेकवायलाही चार क्षण जातात. ते क्षण काम कितीही हलकं असलं तरी दर फेरीला जातातच. चिपमध्ये हा हस्तांतराचा वेळ रजिस्टर खातं.

रजिस्टर किती वेळ खातं आणि का

गणितात 'रजिस्टर डिले ३० पिकोसेकंद' असं एका ओळीत दिलेलं असतं. त्याच्या पोटात काय आहे हे पाहिलं की तो आकडा कुठे मिळवायचा याचा गोंधळ होत नाही.

क्लॉकची कड आल्यावर रजिस्टरच्या आउटपुटवर नवी किंमत लगेच उमटत नाही. फ्लिप-फ्लॉपच्या आतले ट्रान्झिस्टर बदलायला वेळ लागतो, त्याला क्लॉक-टू-क्यू म्हणतात. आपल्या उदाहरणात तो १४ धरू. त्यानंतर टप्प्याचं लॉजिक सुरू होतं. लॉजिकचं उत्तर पुढच्या रजिस्टरच्या दारात पुढची कड येण्याआधी थोडा वेळ स्थिर उभं असावं लागतं, नाहीतर फ्लिप-फ्लॉपला शून्य पकडायचं की एक हे ठरवता येत नाही. हा सेटअप टाइम, तो १० धरू. आणि क्लॉकची तार चिपभर पसरलेली असल्याने कड सगळ्या रजिस्टरना अगदी एकाच क्षणी पोहोचत नाही. या फरकाला स्क्यू म्हणतात. त्यासाठी राखून ठेवायचे ६. बेरीज ३०. म्हणजे प्रत्येक टप्प्यासाठी अट अशी:

```
T >= t_clk_to_q + t_logic + t_setup + t_skew
```

ही अट पाचही टप्प्यांना एकाच वेळी पाळायची आहे, म्हणून सगळ्यात मोठं `t_logic` घ्यायचं आणि त्यात ३० मिळवायचे. ३०० अधिक ३०, म्हणजे क्लॉक पिरियड ३३० पिकोसेकंद आणि फ्रिक्वेन्सी ३.०३ गिगाहर्ट्झ.

इथे होल्ड टाइम या यादीत नाही, हे लक्षात घ्या. होल्ड म्हणजे कड येऊन गेल्यावरही इनपुट क्षणभर हलू नये अशी अट. ती एकाच कडेभोवतीची गोष्ट आहे, दोन कडांमधल्या अंतराशी तिचा संबंध नाही. म्हणूनच सेटअप चुकला तर क्लॉक सावकाश करून चिप वाचवता येते, होल्ड चुकला तर क्लॉक कितीही सावकाश केला तरी चूक तशीच राहते. तिथे वाटेत बफर घालून सिग्नल जरा उशिरा पोहोचवावा लागतो.

जास्तीचे ६०० पिकोसेकंद

आता एका इन्स्ट्रक्शनचा प्रवास मोजू. पाच टप्पे, प्रत्येकात एक पूर्ण क्लॉक, म्हणजे ५ गुणिले ३३०, १६५० पिकोसेकंद. पाइपलाइन नसताना हेच काम १०५०मध्ये होत होतं. लेटन्सी ६०० ने वाढली. हे ६०० नेमके कुठे गेले ते पै न पै मांडता येतं आणि मला वाटतं हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडला की पाइपलाइनचं अर्धं गणित सुटतं.

पाच वेळा रजिस्टरचे ३०, म्हणजे १५०. उरले ४५०. ते निव्वळ वाट पाहण्यात गेले. इन्स्ट्रक्शन आणण्याचं काम २५०मध्ये झालं पण भिंत ३००लाच उघडणार, म्हणून ५० वाया. डिकोडमध्ये १५० वाया, एएलयूमध्ये ८०, मेमरीत काहीच नाही आणि शेवटच्या लेखनात १७०. बेरीज बरोबर ४५०. म्हणजे वाढलेल्या लेटन्सीचा फक्त चौथा हिस्सा रजिस्टरचा आहे, तीन हिस्से टप्पे असमान असल्याचे आहेत. दोष सरसकट रजिस्टरवर ढकलायची सवय असते, पण या डिझाइनमध्ये मोठं गळकं भांडं दुसरंच आहे.

थ्रूपुटकडे पाहिलं तर चित्र पालटतं. पाइपलाइन भरल्यावर दर ३३० पिकोसेकंदांना एक इन्स्ट्रक्शन बाहेर पडते, म्हणजे सेकंदाला साधारण ३०३ कोटी. आधी ९५ कोटी होत्या. वेगवाढ १०५० भागिले ३३०, म्हणजे ३.१८ पट. एकेक इन्स्ट्रक्शन दीडपटीहून जास्त वेळ आत राहते आणि तरी काम तिपटीहून जास्त उरकतं, कारण कुठल्याही क्षणी पाच इन्स्ट्रक्शन्स वेगवेगळ्या टप्प्यांवर एकत्र चालू असतात.

पाच वरून ३.१८ पर्यंतची घसरणही वेगवेगळी करून पाहता येते. टप्पे अगदी समान असते, प्रत्येकी २१०, आणि फक्त रजिस्टरचा खर्च असता, तर क्लॉक २४०चा झाला असता आणि वेगवाढ ४.३८ पट. उलट रजिस्टर फुकट असतं आणि फक्त असमानता असती, तर क्लॉक ३००चा आणि वेगवाढ ३.५ पट. इथेही तेच दिसतं, जास्त नुकसान असमानतेचं आहे. दुसऱ्या डिझाइनमध्ये हे उलट निघू शकतं. म्हणून दोन्ही आकडे वेगळे काढूनच दुरुस्ती कुठून सुरू करायची ते ठरवावं.

३.१८ ही वेगवाढ पाइपलाइन सतत भरलेली असतानाची आहे. सुरुवातीला ती रिकामी असते. पहिली इन्स्ट्रक्शन बाहेर यायला पाच क्लॉक जातात, मग दर क्लॉकला एक. त्यामुळे n इन्स्ट्रक्शन्सना ५ अधिक n वजा १ इतके क्लॉक लागतात. एकच इन्स्ट्रक्शन असेल तर पाइपलाइन हरते, १६५० विरुद्ध १०५०. दोन असतील तर १९८० विरुद्ध २१००, म्हणजे दुसऱ्याच इन्स्ट्रक्शनला ती पुढे निघते. दहाला वेगवाढ २.२७, शंभरला ३.०६, हजाराला ३.१७. स्वतःचे आकडे तपासायला एवढा पायथॉन पुरे:

```python
stages = [250, 150, 220, 300, 130]   # ps
reg = 30
n = 1000

T = max(stages) + reg
k = len(stages)
seq = sum(stages)

print("clock  :", T)
print("latency:", k * T)
print("speedup:", n * seq / ((k + n - 1) * T))
```

कुठला टप्पा तोडायचा

वेग वाढवायला टप्पे वाढवावेत हे खरं, पण कुठला टप्पा तोडतो यावर सगळं आहे. समजा सोपं आहे म्हणून कुणी डिकोडचे ७५-७५चे दोन टप्पे केले. सगळ्यात सावकाश टप्पा अजून ३००चाच आहे, क्लॉक ३३०च राहतो, थ्रूपुट तसूभरही वाढत नाही. लेटन्सी मात्र सहा क्लॉकची, म्हणजे १९८० होते. पैसे गेले, जागा गेली, वीज गेली आणि इन्स्ट्रक्शन उशिरा बाहेर आली.

मेमरीचा टप्पा १५०-१५०मध्ये तोडला तर गोष्ट वेगळी. आता सगळ्यात सावकाश काम इन्स्ट्रक्शन आणण्याचं, २५०. क्लॉक २८०, वेगवाढ ३.७५ पट, लेटन्सी १६८०. टप्पा एक वाढूनही लेटन्सी फक्त ३० ने वाढली, कारण क्लॉक बराच खाली आला. पुढचं पाऊल अर्थातच फेचचे २५० तोडणं. १२५-१२५ केले की सगळ्यात मोठा टप्पा एएलयूचा, २२०. क्लॉक २५०, म्हणजे नेमके ४ गिगाहर्ट्झ, वेगवाढ ४.२ पट, लेटन्सी सात क्लॉकची १७५०. ही कागदावरचीच युक्ती नाही. १९९१ साली आलेल्या एमआयपीएस आर४००० या प्रोसेसरमध्ये आठ टप्पे होते आणि जुन्या पाच टप्प्यांमध्ये भर पडली ती याच ठिकाणी: इन्स्ट्रक्शन आणण्याचे दोन टप्पे केले, डेटा मेमरीचे दोन केले आणि कॅशेमधला टॅग तपासण्याचा एक टप्पा वेगळा काढला.

सम तोडणं जमेलच असं नाही. मेमरीचे २७० आणि ३० असे तुकडे पडले तर क्लॉक फक्त ३००पर्यंत उतरेल. लॉजिकमध्ये रजिस्टरची भिंत कुठेही घालता येत नाही. मेमरीच्या सेलच्या जाळ्यातून किंमत वाचली जात असताना तिच्या मधोमध भिंत कशी घालणार? भिंत पत्ता उलगडण्याच्या आधी किंवा वाचून झाल्यावरच बसते. म्हणून तोडायला घेण्याआधी त्या टप्प्याच्या आत नैसर्गिक सांधे कुठे आहेत ते पाहावं लागतं.

एएलयूच्या २२०ला हात लावताना आणखी विचार करावा लागतो. बेरजेचं उत्तर बऱ्याचदा लगेच पुढच्याच इन्स्ट्रक्शनला हवं असतं. एएलयू एका क्लॉकमध्ये उरकत असेल तर फॉरवर्डिंगने ते उत्तर थेट पुढच्या क्लॉकला देता येतं. एएलयूचे दोन टप्पे केले की अशा प्रत्येक जोडीत एक क्लॉक थांबावं लागतं. क्लॉक लहान झाला तरी थांबे वाढले, तर हाती काय लागेल हे प्रोग्रामवर ठरतं. त्यामुळे बरेच डिझायनर आधी एएलयूचा वेळ ठरवतात आणि बाकीचे टप्पे त्याच्या मापात बसवतात.

नवा टप्पा न घालता करता येणारी एक दुरुस्ती मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात थ्रूपुट आणि लेटन्सी दोन्ही सुधारतात. मेमरीतून शब्द वाचल्यावर त्यातला हवा तो बाइट निवडणं आणि त्याचं चिन्ह वरच्या बिट्समध्ये पसरवणं, हे काम अनेकदा मेमरीच्याच टप्प्यात केलेलं असतं. समजा त्याला ४० पिकोसेकंद लागतात. तेवढं लॉजिक भिंतीच्या पलीकडे, लेखनाच्या टप्प्यात सरकवलं. मेमरी २६०, लेखन १७०, एकूण काम तेच १०५०. क्लॉक २९०, वेगवाढ ३.६२ पट आणि लेटन्सी १६५० वरून १४५० वर. रजिस्टरची नवी भिंत लागली नाही, वाया जाणारा वेळ तेवढा कमी झाला. याला रिटायमिंग म्हणतात. लेखनाच्या टप्प्याकडे १७० मोकळे पडले होते, त्यातले ४० आपण वापरले. फक्त एक पाहावं लागतं: मेमरीतून आलेली किंमत फॉरवर्डिंगने मागे देणारी वाट आता ४० पिकोसेकंद लांब होते, ती नव्या क्लॉकमध्ये बसते का हे वेगळं तपासायचं.

टप्पा तोडताना सगळ्यात जास्त होणारी चूक वेळेची नसून सोबत नेण्याच्या सामानाची असते. डेटासाठी नवी भिंत घातली, पण उत्तर कुठल्या रजिस्टरमध्ये लिहायचं तो पाच बिटांचा क्रमांक आणि लिहायचं की नाही हे सांगणारा कंट्रोल सिग्नल जुन्याच वाटेने एक क्लॉक आधी पोहोचतो. लक्षण ठरलेलं असतं: उत्तर बरोबर निघतं पण शेजारच्या इन्स्ट्रक्शनच्या रजिस्टरमध्ये जाऊन बसतं. सिम्युलेशनमध्ये सलग एकाच रजिस्टरवर लिहिणारा टेस्ट चालवला तर हे झाकलं जातं. म्हणून टेस्टमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शनचं गंतव्य रजिस्टर वेगळं ठेवावं.

किती टप्पे वाढवत न्यायचे

समजा टप्पे कितीही सम करता येतात. मग k टप्प्यांना क्लॉक असा:

```
T = 1050/k + 30
```

दहा टप्प्यांना १३५ पिकोसेकंद, वेगवाढ ७.८ पट. पस्तीस टप्प्यांना ६०, वेगवाढ १७.५ पट. इथे क्लॉकचा निम्मा वेळ लॉजिक करतं आणि निम्मा रजिस्टर खातं. टप्पे आणखी दुप्पट करून सत्तर केले तर क्लॉक ४५ होतो, म्हणजे दुप्पट रजिस्टर घालून वेग एक तृतीयांशाने वाढला. लेटन्सी मात्र प्रत्येक टप्प्यामागे ३० ने वाढतच जाते: दहाला १३५०, पस्तीसला २१००, सत्तरला ३१५०. आणि कितीही तोडलं तरी क्लॉक ३०च्या खाली जाऊच शकत नाही, म्हणून वेगवाढीची कमाल मर्यादा १०५० भागिले ३०, ३५ पट. ही मर्यादा पूर्णपणे रजिस्टरने घातलेली आहे.

प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी थांबावं लागतं, कारण ब्रँच, म्हणजे प्रोग्राम पुढे कुठल्या वाटेने जाणार हे ठरवणारी इन्स्ट्रक्शन. आतापर्यंत दर क्लॉकला एक इन्स्ट्रक्शन बाहेर पडते असं धरलं. ब्रँच कुठल्या दिशेला जाणार ते एएलयूपर्यंत पोहोचल्याशिवाय कळत नाही आणि अंदाज चुकला तर मागून आलेल्या इन्स्ट्रक्शन्स टाकून द्याव्या लागतात. आपल्या पाच टप्प्यांत अशा वेळी दोन क्लॉक वाया जातात. सात टप्प्यांत फेच दोन क्लॉकचं झाल्याने तीन. शंभरातल्या पंधरा इन्स्ट्रक्शन्सना असा फटका बसतो असं धरलं तर पाच टप्प्यांत दर इन्स्ट्रक्शनला सरासरी १.३ क्लॉक, म्हणजे ४२९ पिकोसेकंद, आणि वेगवाढ २.४५ पट. सात टप्प्यांत १.४५ क्लॉक, ३६२.५ पिकोसेकंद, वेगवाढ २.९ पट. सात अजून पुढेच आहे, पण ४.२ विरुद्ध ३.१८ मध्ये तो ३२ टक्क्यांनी पुढे होता, आता फक्त १८ टक्क्यांनी. खोली वाढवत गेलं की ही आघाडी अशीच झिजत जाते. इंटेलने २०००च्या पेंटियम ४ मध्ये वीस आणि २००४च्या प्रेस्कॉट आवृत्तीत ३१ टप्पे केले होते. २००६च्या कोअर मालिकेत ते चौदावर परत आले.

परीक्षेत आणि लॅबमध्ये

परीक्षेच्या गणितात दोन जागा फसवतात. पहिली, वेगवाढीचा वरचा आकडा. पाइपलाइन नसलेल्या डिझाइनच्या १०५०मध्ये रजिस्टरचे ३० मिळवायचे का? खऱ्या हार्डवेअरमध्ये तिथेही प्रोग्राम काउंटर आणि रजिस्टर फाइल असतात, म्हणजे क्लॉक १०८०चा होईल आणि वेगवाढ ३.२७ पट. पण बहुतेक गणितांत रजिस्टरचा डिले 'टप्प्यांच्या मधल्या रजिस्टरचा' म्हणून दिलेला असतो आणि पाइपलाइन नसलेल्या बाजूला नुसती बेरीज अपेक्षित असते. पाइपलाइन नसलेल्या प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी आणि सीपीआय, म्हणजे दर इन्स्ट्रक्शनला लागणारे सरासरी क्लॉक, वेगळे दिले असतील तर बेरीज करायचीच नाही, ते दोन आकडे वापरायचे.

दुसरी जागा शेवटचा टप्पा. 'टप्प्यांच्या मधे' म्हटलं तर पाच टप्प्यांत चारच भिंती आणि शेवटच्या टप्प्यापुढे रजिस्टर नाही, असा बारकाईने वाचणाऱ्याचा युक्तिवाद असतो. आपल्या उदाहरणात त्याने फरक पडत नाही, कारण सावकाश टप्पा चौथा आहे. पण शेवटचा टप्पाच सगळ्यात मोठा असेल, किंवा प्रत्येक भिंतीचा डिले वेगळा दिला असेल, तर प्रत्येक टप्प्यात त्याच्या पुढच्याच भिंतीचा डिले मिळवून मग त्यातला मोठा आकडा घ्यायचा. सगळ्यात मोठा टप्पा आणि सगळ्यात मोठं रजिस्टर वेगवेगळ्या ठिकाणचे असतील तर त्यांची बेरीज करणं चूक.

लॅबमध्ये एफपीजीएवर काम करताना हे डिले कुणी हातात देत नाही, ते टायमिंग रिपोर्टमधून काढावे लागतात. व्हिवाडो या एफपीजीएच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकची अट आणि रिपोर्ट असे मागतात:

```
create_clock -period 4.000 [get_ports clk]
report_timing_summary
```

रिपोर्टमध्ये `WNS` नावाचा आकडा असतो, सगळ्यात अडचणीच्या वाटेवर उरलेला वेळ. तो ऋण आला तर डिझाइन त्या क्लॉकवर चालणार नाही. ४ नॅनोसेकंदांच्या अटीवर `WNS` वजा ०.६२ आला, तर त्या प्लेसमेंटसाठी किमान क्लॉक ४.६२ नॅनोसेकंद, म्हणजे साधारण २१६ मेगाहर्ट्झ. त्याच वाटेचं सविस्तर पान उघडलं की सुरुवातीचं रजिस्टर, शेवटचं रजिस्टर आणि मधला वेळ लॉजिकचा किती, तारांचा किती हे वेगवेगळं दिसतं. दोन्ही टोकांच्या रजिस्टरच्या नावावरून कुठला टप्पा अडतोय ते कळतं. वेळेतला मोठा वाटा तारांचा असेल तर टप्पा तोडून फारसं हाती लागणार नाही. तिथे आधी ती दोन रजिस्टरं चिपवर इतकी लांब का बसली ते पाहावं.

एकच वाट पाहून थांबू नये. पहिल्या दहा अडचणीच्या वाटा बहुतेकदा एकाच टप्प्यातल्या, एकाच बेरजेच्या वेगवेगळ्या बिटांच्या निघतात. तो टप्पा दुरुस्त केल्यावर क्लॉक किती खाली येईल हे दुसऱ्या क्रमांकाच्या टप्प्यावर ठरतं, म्हणून प्रत्येक टप्प्याची सगळ्यात लांब वाट स्वतंत्र मागवून पाचही आकडे शेजारी लिहून घ्यावेत:

```
report_timing -from [get_cells ex_mem_reg*] -to [get_cells mem_wb_reg*]
```

इथली रजिस्टरची नावं आपापल्या डिझाइनमधली घालायची. एक गोष्ट मात्र पाहून घ्या. सगळ्यात मोठा आणि दुसरा आकडा यांत फक्त ०.१ नॅनोसेकंदाचं अंतर असेल, तर पहिला टप्पा तोडून मिळणारी जास्तीत जास्त कमाई तेवढीच असते.